ब विंगमधील बाथरूमची उभी पाइपलाइन बदलण्याबाबत सूचना

दिनांक : १२ जानेवारी २०२६
प्रति : ब विंगमधील सर्व सभासद व भाडेकरू
विषय : मंगळवार २० ते शुक्रवार २३ जानेवारी या काळात बाथरूम-संडासाच्या लाइनचे पाणी बंद राहण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

२८ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर झाल्याप्रमाणे ब विंगच्या दोन्ही डक्टमधील बाथरूमच्या जुन्या लोखंडी उभ्या लाइनी काढून नवीन टाकायच्या आहेत. काम मंगळवार, २० जानेवारीला सकाळी ९ वाजता सुरू होईल. स्वयंपाकघराची लाइन वेगळी आहे. ती पहिल्या दिवशीचे तीन तास सोडले तर चालूच राहील. त्यामुळे पिण्याची आणि स्वयंपाकाची चिंता नको. बंद राहील ते बाथरूमचे, संडासाच्या फ्लशचे आणि बाथरूममधून जोडणी घेतलेल्या वॉशिंग मशीनचे पाणी.

पाणी केव्हा, कोणाचे बंद

मंगळवार २०, सकाळी १० ते दुपारी १ : संपूर्ण ब विंगचे सगळे पाणी बंद, स्वयंपाकघरासह. गच्चीवरच्या टाकीच्या तोंडाशी नवीन व्हॉल्व्ह बसवायचे आहेत.

मंगळवार २० सकाळी ९ ते बुधवार २१ संध्याकाळी ६ : उगवतीकडच्या डक्टची बाथरूम लाइन बंद. म्हणजे ज्यांच्या फ्लॅट नंबरच्या शेवटी १ किंवा २ आहे ते (१०१, १०२ पासून ४०१, ४०२ पर्यंत).

गुरुवार २२ सकाळी ९ ते शुक्रवार २३ संध्याकाळी ६ : मावळतीकडच्या डक्टची बाथरूम लाइन बंद. नंबरच्या शेवटी ३ किंवा ४ असलेले फ्लॅट.

शनिवार २४ राखून ठेवला आहे. एखादा सांधा गळला तर त्या दिवशी तो दुरुस्त होईल. अ विंगचा या कामाशी संबंध नाही, त्यांचे पाणी नेहमीप्रमाणे चालेल.

मधल्या रात्री तरी थोडा वेळ पाणी सोडा, अशी विनंती दोघा-तिघांनी केली. ते जमणार नाही. जुना पाइप काढला की डक्टमध्ये पाणी वाहायला लाइनच उरत नाही. नवीन पाइपचे सांधे ज्या सोल्यूशनने चिकटवतात ते रात्रभर वाळावे लागते. ओल्या सांध्यावर पाण्याचा दाब आला की तो तिथेच सुटतो आणि मग सगळे पुन्हा करावे लागते.

हे काम का काढले

इमारत बांधली तेव्हापासून तोच जी.आय. पाइप आहे. गेल्या पावसाळ्यात ३०२ च्या बाहेर लाइन गळाली तेव्हा प्लंबरने कापलेला दीड इंची पाइपचा तुकडा वॉचमनच्या खोलीजवळ ठेवला आहे. येता-जाता जरूर बघा. आतून क्षार आणि गंज यांचा थर बसून जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली आहे. नखाने खरवडले तर तांबूस पापुद्रे निघतात. पहिल्या मजल्यावर शॉवरची धार का येत नाही आणि सकाळी पहिली बादली लालसर का येते, या दोन्ही तक्रारींचे उत्तर त्या तुकड्यातच आहे. आपण महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळतो आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड असते ते प्रत्येकाच्या गिझरला ठाऊक आहे.

आजवर गळेल तिथे क्लॅम्प लावून भागवले. एकीकडे क्लॅम्प लावला की दाब वाढून दुसरीकडे गळायचे. शिवाय ओल भिंतीत उतरून २०१ आणि २०३ च्या बेडरूमचा रंग गेला. याउपर ठिगळांवर पैसे घालणे समितीला पटत नाही.

नवीन लाइन सी.पी.व्ही.सी. पाइपची असेल. गार पाण्याला साधा यू.पी.व्ही.सी. पुरेसा आहे, तो स्वस्तही पडतो, असा मुद्दा सभेत निघाला होता. पण मे महिन्यात आपल्या जळगावात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला सोसत नाही. त्यातच कोणाच्या गिझरचे किंवा सोलरचे गरम पाणी झडप नीट नसेल तर उलटे लाइनमध्ये सरकते. पाणी तापत जाते तशी साध्या पाइपची दाब सोसण्याची ताकद कमी होते. सी.पी.व्ही.सी. गरम पाण्यासाठीच असतो. पाइपवर आय.एस. १५७७८ हा छाप पाहूनच माल उतरवून घेतला जाईल. ज्यांना बघायचे असेल त्यांनी सोमवारी १९ तारखेला संध्याकाळी पार्किंगमध्ये यावे. पाइपांच्या गावात राहून पाइप न तपासता घेतला, असे बोल नकोत.

तारखांबद्दल

या तारखा संक्रांत झाल्यावर आणि रथसप्तमीच्या आधी येतात, त्यामुळे हळदीकुंकवाला अडचण होते हे मान्य आहे. पण फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा लागतात, मार्चपासून ऊन चढते आणि तेव्हा दोन दिवस बाथरूमचे पाणी बंद ठेवणे कोणालाच परवडणार नाही. १ आणि २ नंबरवाल्या ताईंनी आपले हळदीकुंकू २२ पासून पुढे ठेवावे, ३ आणि ४ नंबरवाल्यांनी २१ पर्यंत उरकावे. रथसप्तमी रविवारी २५ ला आहे.

आणखी एक. हे भरिताचे दिवस आहेत, गच्चीवर दर शनिवारी-रविवारी कोणाची ना कोणाची भरीत पार्टी असते. सोमवार १९ ते शनिवार २४ गच्ची बंद राहील, किल्ली फक्त वॉचमनकाकांकडे असेल. चिकटवायचे सोल्यूशन लगेच पेट घेते, त्याच्या शेजारी पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणे म्हणजे आगीला आवतण. बामणोदची वांगी रविवारपर्यंत थांबू शकतात.

आधी काय करून ठेवायचे

आपल्या भागात रविवारी १८ ला संध्याकाळी नळाची पाळी आहे. जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी त्या रात्री भरून घेतली जाईल. चार माणसांच्या घराला दोन दिवसांसाठी साधारण २०० लिटरचा एक ड्रम आणि दोन-तीन बादल्या पुरतात. पहिल्या डक्टच्या लोकांनी सोमवारी दिवसभरात, दुसऱ्या डक्टच्या लोकांनी बुधवारी भरावे. मंगळवारी सकाळी आठ वाजता सोळाच्या सोळा घरांनी नळ सोडले तर वरची टाकी कामाआधीच रिकामी होईल. ड्रम झाकून ठेवा आणि काम झाल्यावर ते पाणी वापरून टाका, डासांना सोय नको.

मैल्याच्या पाइपला हात लावलेला नाही, त्यामुळे संडास बादलीने पाणी टाकून वापरता येईल. कामाच्या वेळी, म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६, डक्टकडच्या खिडकीतून पाणी, केस, कागद काहीही टाकू नका. खाली माणसे काम करत असतील.

ज्यांनी डक्टमध्ये लोखंडी कपाट, कपडे वाळवायची जाळी किंवा एसीचे युनिट बसवले आहे, त्यांनी ते १८ तारखेपर्यंत स्वखर्चाने काढावे. अशी पाच घरे आहेत, त्यांना स्वतंत्र निरोप दिला आहे. कामाच्या दिवशी अडथळा दिसला तर प्लंबर तो काढून ठेवतील आणि मोडतोडीची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही.

घरात कोणीतरी हवे

तुमच्या डक्टच्या पहिल्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ दरम्यान प्लंबर प्रत्येक घरात येतील. बाथरूमच्या खिडकीतून जुनी जोडणी सोडवून नवीन द्यायची आहे, एका घराला तासभर लागतो. सुरुवात चौथ्या मजल्यावरून होईल. नोकरीला जाणाऱ्यांनी किल्ली शेजारी किंवा माझ्याकडे द्यावी. एक घर बंद राहिले तर तिथली जोडणी टोपण लावून बंद केली जाईल आणि त्या घराला नंतर स्वतःच्या खर्चाने प्लंबर बोलवावा लागेल.

जोडणीच्या जागी एखादी फरशी फुटू शकते. भोक बुजवून पांढऱ्या सिमेंटने साफ करून देणे संस्थेकडे. त्याच रंगाची फरशी शोधून बसवणे ज्याचे त्याने बघावे, कारण आता ती बाजारात मिळत नाही.

खर्चाचे म्हणाल तर डक्टमधील सामायिक लाइन आणि तुमच्या भिंतीपर्यंतची जोडणी दुरुस्ती निधीतून, एकूण २,१८,००० रुपये. वेगळी वर्गणी नाही. भिंतीच्या आतले पाइप, नळ, शॉवर आपापल्या खर्चाने. लगे हाथ कोणाला तेही करायचे असेल तर प्लंबरशी थेट बोला, पण त्यांनी आधी संस्थेचे काम संपवायचे आहे.

नळ बंद ठेवा

पाणी नाही म्हणून नळ फिरवून बघितला जातो, तो तसाच उघडा राहतो आणि घरचे बाहेर गेले की पाणी येते. खालच्या घराचे छत भिजल्यावरच ते कळते. म्हणून कामाच्या दोन्ही दिवशी बाथरूममधले सगळे नळ बंद. गिझरचे बटण भिंतीवरून बंद करा. साठवणीचा गिझर रिकामा असताना चालू राहिला तर कॉइल जळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाने लाइनमध्ये दाब देऊन दोन तास तशीच ठेवली जाईल. दाबाचा काटा खाली आला नाही तरच पुढे पाणी सोडायचे. या दोन तासांत कोणी नळ उघडला तर काटा पडतो आणि प्लंबर चार मजले गळती शोधत हिंडतात. चाचणी सुरू होताना आणि संपल्यावर ग्रुपवर मेसेज येईल. व्हॉट्सअॅप न वापरणाऱ्या आबा-आजींना वॉचमनकाका बेल वाजवून सांगतील.

पाणी सुरू झाल्यावर आधी बाथरूमचा खालचा साधा नळ पाच-दहा मिनिटे सोडा. कचरा आणि सोल्यूशनचा वास निघून जाऊ द्या. शॉवर, फ्लश आणि मशीन त्यानंतर. धार बारीक वाटली तर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. गिझरचे बटण गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्यावरच लावा. खिडकीजवळच्या नवीन सांध्याला कोरडा कागद लावून बघा आणि ओल दिसली तर त्याच दिवशी कळवा, प्लंबर शनिवारपर्यंत इथेच आहेत.

ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी

पार्किंगमध्ये हजार लिटरची टाकी चारही दिवस भरलेली राहील. घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा एकटे राहणारे वयस्कर असतील तर १७ तारखेपर्यंत मला सांगा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या वर पोचवायची व्यवस्था केली आहे. अ विंगमधील चार सभासदांनी आपले बाथरूम आंघोळीसाठी देऊ केले आहे, त्यांचे नंबर फलकावर लावले आहेत. लिफ्टमधून बादली नेताना ती काठोकाठ भरू नका. पाणी खड्ड्यात उतरले तर लिफ्टही बंद पडेल.

भाडेकरूंनी ही सूचना आपल्या घरमालकाला पाठवावी.

आपला,
सचिव (फ्लॅट ब-१०३)
व्यवस्थापक समितीच्या वतीने

ता. क. : काढलेला जुना पाइप ही संस्थेची मालमत्ता आहे. तो वजन करून भंगारात दिला जाईल आणि रक्कम दुरुस्ती निधीत जमा होईल. वजनाच्या वेळी दोन सभासद हजर हवेत, इच्छुकांनी नावे द्यावीत.