आमचा साखरपुडा झाला!

काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी, दाजी, वैनी आणि आमच्या जिवलग मित्रमैत्रिणींनो,

फोनवर सांगायला दोघांनाही लाज वाटत होती, म्हणून लिहून कळवतोय. गेल्या रविवारी नंदगडला, स्नेहलच्या घरी, आमचा साखरपुडा झाला. आमचं लग्न ठरलं!

काहींना अंदाज होता, काहींना हे अगदी नवीन असेल. नंदगडहून बेळगावला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमची ओळख झाली. स्नेहल नंदगडला चढायची, अमोल खानापूरला. एका पावसाळ्यात तिच्या खिडकीची काच लागत नव्हती, पाणी आत येत होतं. अमोलनं उठून आपली जागा तिला दिली आणि स्वतः उद्यमबागपर्यंत उभा राहिला. बायकांना प्रवास फुकट असला तरी कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतात. त्या दिवसाचं ते तिकीट स्नेहलच्या पर्समध्ये अजून आहे. अक्षरं पार पुसट झालीत. हे अमोललाही परवाच कळलं.

घरी सांगायचं धाडस आधी स्नेहलनं केलं. भाताची लावण चालली होती, बांधावर चहा पिताना तिनं आईला सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "आईवडलांशी कसा बोलतो गं तो?" पुढं मोठ्या माणसांची बैठक झाली, सुपारी फुटली आणि सगळं सुरळीत पार पडलं. आमच्या मनासारखं घडलं, तेही सगळ्यांच्या आशीर्वादानं, याचा आनंद शब्दांत मावत नाही.

साखरेचा पुडा अमोलच्या आज्जीनं स्वतः बांधला. हिरवा कागद, त्यावर पिवळा दोरा. हात थरथरत होते, पण गाठ दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही. ओटी भरून झाल्यावर तिनंच आम्हा दोघांना बेळगावचा कुंदा भरवला. अंगठी घालताना आम्ही दोघांनीही मान वर केली नाही, त्यामुळे फोटोत नुसते भांग दिसतात! शेजारच्या कन्नड काकू स्नेहलच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "छलो आतु नोडव्वा." तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही.

आज्जीला फार दगदग झेपत नाही, म्हणून कार्यक्रम घरातल्या घरात केला. तुम्हाला बोलावता आलं नाही, याची मनाला फार चुटपुट आहे. राग मानू नका. लग्न तुळशीच्या लग्नानंतर खानापूरला करायचं ठरतंय. तारीख निघाली की पत्रिका घेऊन आम्ही प्रत्येकाच्या घरी येणार आहोत.

निपाणीच्या आत्याकडं आणि येळ्ळूरच्या मोठ्या मामांकडं मोबाईल नाही. जवळ असाल त्यांनी हे त्यांना वाचून दाखवा. आमचा दोघांचा नमस्कारही सांगा.

तुमचेच,
अमोल आणि स्नेहल