रविवारच्या मीटिंगचा सारांश (फ्लेमिंगो ट्रिप, ऐरोली)

जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहितेय. मूळ कल्पना बी विंगच्या काकांची, की सोसायटीच्या पोरांना यंदा पिकनिकऐवजी ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवू. त्यावर ताईंनी अख्खी संकल्पनाच मांडली, नुसते पक्षी नाही तर खारफुटी, चिखल, शेवाळ, म्हणजे पक्षी इथेच का येतात ते सगळं, आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळालाय तेही सांगायचं. मस्त वाटलं सगळ्यांना. मग कोणीतरी म्हणालं सकाळी सातला निघू, पण बोट भरती बघूनच सुटते त्यामुळे ते तिथेच बारगळलं. फेब्रुवारीत गर्दी कमी असेल ही माझी आपली अटकळ, आधार काही नाही, मनात आलं म्हणून बोलले. खजिनदारांचा अंदाज की बसचं भाडंच जास्त पडेल, त्यांना सगळंच जास्त पडतं म्हणा. टी-शर्टची आयडिया कोणी उचलली नाही, बरं झालं. ताई भरतीच्या वेळा बघून लेखी प्रस्ताव कमिटीला देणार, शुक्रवारपर्यंत. सूचना असतील तर त्याआधी टाका, नंतर कुरकुर नको.