पथदिवा दुरुस्तीबाबत अर्ज

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. अधिकारी, दिवाबत्ती विभाग,
प्रभाग कार्यालय, वडोदरा

विषय : दांडिया बाजारातील गल्लीच्या तोंडाशी असलेला बंद पथदिवा दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

आमच्या गल्लीच्या वळणावरील पथदिवा २८ जूनच्या रात्रीच्या पावसापासून बंद आहे. आजूबाजूचे दिवे लागतात, घरांतही वीज आहे. त्यामुळे बिघाड याच खांबावरचा असावा, असे वाटते.

दिव्यापेक्षाही काळजी खांबाची आहे. बुंध्याजवळच्या पेटीचे झाकण निघाले असून आतील वायरी उघड्या पडल्या आहेत. पाऊस पडला की तेथे घोटाभर पाणी साचते आणि मुले त्यातूनच शिकवणीला जातात. आम्ही खांबाभोवती दोरी बांधली आहे, पण अंधारात ती कोणाला दिसणार? गेल्या गुरुवारी शेजारच्या आजी तिथेच घसरून पडल्या. सुदैवाने मुका मार लागला.

२ जुलै रोजी तोंडी तक्रार केली असता लेखी अर्ज देण्यास सांगण्यात आले. तरी आधी त्या खांबाचा वीजपुरवठा बंद करून पेटी बंदिस्त करावी आणि मग दिवा दुरुस्त करावा किंवा बदलावा, ही विनंती. अर्जाची पोच तक्रार क्रमांकासह मिळावी.

कार्यालयाच्या सोयीसाठी या अर्जाचे इंग्रजी भाषांतर जोडले आहे. त्यात काही संदिग्ध वाटल्यास मूळ मराठी मजकूर ग्राह्य धरावा.

आपली विश्वासू,
सुनंदा कदम
(गल्लीतील रहिवाशांच्या वतीने)

सोबत : १) इंग्रजी भाषांतर २) खांबाची दोन छायाचित्रे ३) अकरा रहिवाशांच्या सह्या