चौदा नंबरचा ताप

फाइलवर लाल पेनाने लिहिलं होतं : व्हायरल फीव्हर. त्याखाली दुसऱ्या अक्षरात : सकाळी डिस्चार्ज.

ऑक्टोबर महिना, डेंग्यूचा जोर. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात खाटा संपून गाद्या जमिनीवर आल्या होत्या. अशा दिवसांत तापाच्या पेशंटला पहिल्या दिवशी व्हायरल म्हणणं चूक नसतं. बहुतेकदा ते खरंच निघतं. पण चौदा नंबरच्या सुमनचा हा सहावा दिवस होता.

रात्री दोनला सिस्टरांनी गौरीला हाक मारली. "डॉक्टर, चौदाला एकशे तीन आहे. पॅरासिटामॉल लिहून द्या, मी लावते."

"लिहिते. पण आधी बघून येते."

सुमन उशीला टेकून बसली होती. वय चोवीस. सलाइनचा हात तिने वर उचलला तशा हिरव्या बांगड्या घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. गौरीने घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चौतीस. तक्त्यावर सहाही दिवस वीसच लिहिलेले होते. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन त्र्याण्णव. पण स्टेथोस्कोप पुढून-मागून कुठेही ठेवला तरी छाती साफ. साफ छाती आणि चौतीस श्वास, याचा मेळ तिला लागेना.

"ताई, ताप नक्की कधीपासून आहे?"

"बाळाला सव्वा महिना झाला तवापासनं. सांजच्याला चढतोय, पहाटं घाम येऊन उतरतोय."

"बाळ आता केवढं आहे?"

"दोन म्हैने पुरं झालं."

म्हणजे तीन आठवडे होऊन गेले. केसपेपरवर तर 'ताप : ३ दिवस' होतं.

"त्यांनी इचारलं, लई कधीपासनं वाढलाय? म्हटलं, तीन दिवस."

पोट तपासताना डाव्या बरगडीखाली, श्वास आत घेतल्यावर, प्लीहेचं टोक बोटाला लागलं. यकृतही दोन बोटं खाली उतरलेलं. व्हायरल तापातही हे होतं, हे गौरीला माहीत होतं. म्हणून ती पुढचं विचारत राहिली. भूक? नाही. वजन? "पोलकी समदी ढिली झाल्यात." खोकला? थोडा, कोरडा. घरी कोण कोण? इचलकरंजीत यंत्रमागाच्या मागच्या अंगाला एक खोली. त्यात नवरा, सासू, थोरले दीर.

"घरात कुणाला जुना खोकला?"

सुमनने क्षणभर दाराकडे पाहिलं. "दिरांना हाय. सा म्हैन्यांच्या गोळ्या चालू हुत्या. दोन म्हैन्यांत बरं वाटाय लागलं, सोडल्या."

गौरी ड्यूटी रूममध्ये फाइल घेऊन बसली. डेंग्यूच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. मलेरिया नाही. टायफॉइड नाही. हिमोग्लोबिन ८.२, पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट्स १ लाख १० हजार. प्लेटलेट्स कमी म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष डेंग्यूकडे गेलं असणार. पण सोडियम १२८ होतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ४१०. हे दोन आकडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर आले होते. कुणी ते शेजारी ठेवून वाचले नव्हते. तिने एका कोऱ्या कागदावर सगळे एकाखाली एक लिहून काढले.

एक्स-रे गादीखालच्या पाकिटात होता, पहिल्या दिवशी काढलेला. रिपोर्ट : एनएडी. म्हणजे दोष दिसत नाही. तिने फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली आणि खोलीतला दिवा बंद केला.

पहिल्या नजरेला तिलाही काही दिसलं नाही. क्षय म्हटला की डोळा आपोआप फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग शोधतो, पोकळी शोधतो. इथे बोट ठेवावं अशी एकही जागा नव्हती. तिने शेजारच्या पंधरा नंबरची, दम्याच्या पेशंटची फिल्म आणून बाजूला लावली. मग फरक कळला. पंधराच्या फुफ्फुसाची काळी बाजू मोकळी काळी होती. चौदाची वरपासून खालपर्यंत, दोन्हीकडे सारखीच, राळे सांडावेत तशी बारीक ठिपक्यांनी भरलेली होती. एकेक ठिपका दोन मिलिमीटरांचाही नसेल. डाग एका जागी असता तर कुणीही पकडला असता. हा सगळीकडे होता, म्हणून कुणालाच दिसला नव्हता.

मिलिअरी क्षय. जंतू रक्तात उतरून फुफ्फुस, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, सगळीकडे एकदमच पेरले गेलेले. पेशी कमी होण्याचं कारणही त्यात होतं, छाती साफ ऐकू येण्याचंही.

रजिस्ट्रार सर कॅज्युअल्टीतून आले तेव्हा तीन वाजून गेले होते. "गौरी, रेडिओलॉजीने एनएडी दिलंय. आणि बाळंतपणानंतर ताप म्हटल्यावर दहा कारणं असतात."

"हो सर. म्हणून दोन्ही फिल्म लावून ठेवल्यात. आणि हा कागद."

त्यांनी कागद वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून फिल्मच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पोर्टेबल एक्स-रे आत्ता काढ. आणि डोळ्यांत ट्रॉपिकामाइड टाक."

नव्या फिल्ममध्ये शंकेला जागाच उरली नाही. पाच दिवसांत ठिपके दाट झाले होते. अर्ध्या तासाने बाहुल्या मोठ्या झाल्यावर सरांनी ऑफ्थाल्मोस्कोप लावला. उजवा डोळा, मग डावा. "ये, बघ. डिस्कपासून बाहेरच्या बाजूला सरक." गौरीचं कपाळ सुमनच्या कपाळाला जवळजवळ टेकलं. नारिंगी पडद्यावर फिकट पिवळे दोन ठिपके, कडा पुसट. कोरॉइडचे ट्युबरकल, डोळ्याच्या आतल्या थरातल्या क्षयाच्या गाठी. आतापर्यंत ते तिने पुस्तकातल्या चित्रातच पाहिले होते.

"डोकं दुखतं का, ताई?" सरांनी विचारलं. हनुवटी छातीला लावून पाहिली. मान मऊ होती. तरीही पाठीतलं पाणी सकाळी काढायचंच, असं ते म्हणाले. हा आजार मेंदूच्या आवरणात कधी शिरतो ते कळत नाही. एचआयव्हीची तपासणी गरोदरपणात झाली होती, तीही परत पाठवायची ठरली.

थुंकी येत नव्हती. जठरातलं पाणी सीबीनॅट या क्षयाच्या तपासणीसाठी घ्यायचं तर पोट रिकामं हवं. साडेपाचला मावशी चहाची किटली घेऊन वॉर्डात शिरल्या, तेव्हा गौरी चौदाशेजारीच उभी होती. "मावशी, हिला नको. अजून तासभर काहीच नको." नाकातून नळी घातली, सुमनने डोळे मिटून सोसलं, आणि नमुना प्रयोगशाळेत गेला. दिराने गोळ्या अर्धवट सोडलेल्या, म्हणून रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध चालतं की नाही हे कळणं जंतू सापडण्याइतकंच गरजेचं होतं. पण पहिली मात्रा रिपोर्टसाठी थांबणार नव्हती. वजन अडतीस किलो. चार औषधांच्या एकत्र गोळ्या तीन, रोज. सरांनी डिस्चार्जच्या ओळीवर काट मारली आणि खाली स्वतःची सही केली.

नवरा रात्रभर व्हरांड्यात होता. गौरीने त्याला आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, उद्या घरी सोडणार म्हणून गाडी सांगितली हुती."

"गाडी राहू द्या, तिचाच उपयोग होईल. बाळ कुठे आहे?"

"आईकडं."

"वजन वाढतंय?"

तो गप्प राहिला.

"दहाच्या आत बाळाला इथे आणा. तपासायचंय. दूध बंद करायचं नाही. ताई मास्क लावून पाजतील. आणि दादांनाही आणा, त्यांचं जुनं कार्ड घेऊन. हरवलं असेल तर गोळ्या कुठल्या दवाखान्यातून मिळत होत्या, तेवढं विचारून या."

"त्यो येणार न्हाई, मॅडम. कामावरनं काढतील म्हणतोय."

"मला फोन लावून द्या," गौरी म्हणाली. "मी बोलते."