शनिवारची संध्याकाळ: तलावपाळी की उपवन?

(व्हिडिओ उभा. लांबी दीड-दोन मिनिटं. बोलणारे दोघे: मी आणि बाबा.)

(पहिला शॉट: बाबा पायात चपला सरकवतायत, मी दारात गाडीची किल्ली फिरवतेय.)

मी: बाबा, उपवन.
बाबा: तलावपाळी.
मी: उपवन!
बाबा: मग तू जा. मी चालत निघालो.

(स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: तलावपाळी की उपवन?)

मी (कॅमेऱ्याकडे): ठाणेकरांनो, आमच्या घरी दर शनिवारी साडेसहाला हेच असतं. आईने तर यातून अंग काढून घेतलंय. आज निकाल तुम्ही लावायचा. तलावपाळी असेल तर कमेंटमध्ये फक्त "त" लिहा, उपवन असेल तर "उ". आधी बाबांची बाजू. थोडक्यात हं, बाबा!

(शॉट: मासुंदा तलावाचा कठडा, मागे होड्या. बाबांच्या हातात भेळेचा कागद.)

बाबा: थोडक्यात कसं सांगू? स्टेशनवरून चालत यायचं. रिक्षा नको, पार्किंग नको. कोपिनेश्वराला नमस्कार करायचा, जांभळी नाक्यावरून भाजी घ्यायची आणि पिशवी मांडीवर ठेवून इथे बसायचं. समोर गडकरी रंगायतन. तुझ्या आईला पहिलं नाटक तिथेच दाखवलं. नाटक सुटल्यावर रात्री सव्वाअकराला याच कठड्यावर बसून तिने मला सांगितलं, नाटक बरं होतं, पण तुम्ही फार मोठ्याने हसता.
मी: हे मला कोणी कधी सांगितलं नाही!
बाबा: आणि ऐक. 16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून पहिली गाडी दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटली, तासाभरात ठाण्याला आली. उतरल्यावर माणसं कुठे गेली असतील? उपवनला?

(शॉट थांबवायचा. स्क्रीनवर: "हे संशोधन बाबांचं. इतिहासकारांनी माफ करावं.")

मी: आणि दिवाळी पहाट राहिली ना!
बाबा: ती कशी राहील? पहाटे इथे आणि राममारुती रोडवर नवे कपडे घालून आख्खं ठाणं उभं असतं. शाळेतली जी मुलगी वीस वर्षांत भेटली नाही, ती तिथे भेटते.
मी: आईला माहितीये?
बाबा: भेळ खा.

(कट. गाडीच्या काचेतून पोखरण रोड, वर्तकनगर. मग उपवनचा काठ, मागे येऊरचा डोंगर.)

मी: आता माझी बाजू. मान वर करा, डोंगर दिसतो. बास, संपला माझा मुद्दा. पण बाबा ऐकणार नाहीत म्हणून पुढे बोलते. पावसाळ्यात येऊरवर ढग बसतो आणि खाली तलावाचं पाणी काळं-हिरवं होतं, तेव्हा या पायऱ्यांवर या. शेजारी एक काका गरम कणसावर लिंबू चोळत असतात. लिंबाची अर्धी फोड आधी तिखट-मिठात बुडवतात, मग कणसाच्या दाण्यांवर दाबून फिरवतात. तो चर्र आवाज ऐका.

(शॉट: फक्त कणीस, अगदी जवळून. तीन सेकंद संगीत बंद, मूळ आवाज.)

बाबा: कणीस तलावपाळीला पण मिळतं.
मी: पण मागे डोंगर मिळतो का?
बाबा: (कणीस खात) ...लिंबू जरा जास्त हवं होतं.
मी: बघा! हे आमच्या घरात कौतुक समजतात.

(शॉट: दोघेही पायऱ्यांवर, कॅमेरा समोर.)

मी: आता नियम. एक माणूस, एकच अक्षर. "दोन्ही" लिहिलंत तर मत बाद. कचराळीवाले, तुम्ही येणार हे मला माहितीये. तुमचा तलाव गोड आहे, पण तिथे तुम्ही चालायला जाता, बसायला नाही. तुमच्यासाठी वेगळा व्हिडिओ करू. आणि नवी मुंबईकरांनो, "आमच्याकडे पाम बीच आहे" हे इथे चालणार नाही. तलाव आमचे, भांडण आमचं.
बाबा: कारण पण लिहायला सांग.
मी: हो, अक्षरासोबत एका ओळीत कारण. कोणासोबत बसला होतात हे लिहिलंत तर अजून छान. नाव नको, नाहीतर घरी भांडण व्हायचं.
बाबा: आणि हरणाऱ्याने काय करायचं?
मी: हरेल त्याने पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या तलावावर मुकाट्याने यायचं आणि खाण्याचे पैसेही त्यानेच द्यायचे. मतदान रविवारी रात्री आठपर्यंत.
बाबा: मग सुट्टे काढून ठेव.

(शेवटचा शॉट: बाबा फोन डोळ्यांपासून लांब धरून एका बोटाने टाइप करतायत. स्क्रीनवर पहिली कमेंट उमटते: "त")

मी: बाबा! स्वतःला मत?
बाबा: मी ठाणेकर नाही का?

(व्हिडिओखालची ओळ: "त" की "उ"? आईचं मत अजून आलेलं नाही, ती म्हणते भाजी कोण आणणार ते आधी सांगा.)

(वर पिन करायची कमेंट: बाबांचं एक मत धरलंय. मावशीच्या फोनवरून टाकलेलं दुसरं बाद केलंय.)