‘फोनवर अटक होत नाही’ : ज्येष्ठांसाठी सुधारित स्क्रिप्ट

एडिटर आणि निवेदिकेसाठी : मूळ रील दीड मिनिटाचं होतं, हा व्हिडिओ तीन मिनिटांचा. ‘भावा’, ‘गेम झाला’, ‘स्कॅमर लोक’ सगळं काढलंय. घाबरलेल्या माणसाशी आपण त्याच्या घरातल्यासारखं बोलायचं. काळ्या पट्टीवर पिवळी, जाड अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. कॅप्शन सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत हलवू नका. बोलणं चालू असताना संगीत नको.

दृश्य १ : गंगापूर रोड, फ्लॅटची बाल्कनी

निवेदिका : नमस्कार. सकाळचे अकरा वाजलेत. काकू घरी एकट्याच आहेत. मुलगा सातपूरला, कंपनीत गेलाय. *(थांबा)* तेवढ्यात फोन वाजतो.

कॅप्शन : अनोळखी नंबर. व्हिडिओ कॉल.

दृश्य २ : फोनचा स्क्रीन, जवळून. खाकी वर्दी.

निवेदिका : तो माणूस म्हणतो, “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्ही अटकेत आहात. कॅमेरा बंद करू नका. मुलाला सांगू नका.”

*(काकू तुळशीला घालायचा तांब्या खाली ठेवतात. हात थरथरतो, पाणी सांडतं. इथे पूर्ण शांतता. हा शॉट कापू नका.)*

निवेदिका : मग तो म्हणतो, “चौकशी संपेपर्यंत तुमचे पैसे आमच्या खात्यात ठेवा.”

दृश्य ३ : निवेदिका, कॅमेऱ्याकडे बघून

निवेदिका : आता शांतपणे ऐका. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. *(थांबा)* पोलीस असोत की सीबीआय, व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत. चौकशीसाठी पैसेही मागत नाहीत.

कॅप्शन : फोनवर अटक होत नाही.

निवेदिका : “कुणाला सांगू नका” असं कुणी म्हटलं, की समजायचं, इथेच फसवणूक आहे. फोन कट करा. तुम्ही उद्धटपणा करत नाही आहात. मुलाला, सुनेला, शेजारच्या ताईंना, कुणालाही हाक मारा.

दृश्य ४ : काकू फोन लावतात, शेजारीण बाजूला बसलेली

निवेदिका : पैसे गेले असतील, तर 1930 वर फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य. *(पुन्हा एकदा, आणखी सावकाश)* एक. नऊ. तीन. शून्य. संध्याकाळी मुलगा येईपर्यंत थांबू नका. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झटपट फिरवतात. तुम्ही जितक्या लवकर कळवाल, तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. कॉलचा नंबर आणि बँकेचा मेसेज पुसू नका, तक्रारीला लागतो. cybercrime.gov.in या सरकारी वेबसाइटवरही तक्रार करता येते. नातवंडांना शेजारी बसवून भरा.

आणि लाज वाटून घेऊ नका. शिकली-सवरलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसंही यात फसली आहेत.

कॅप्शन : मदतीसाठी फोन : 1930

*(‘लाइक करा, शेअर करा’ काढलंय. त्या जागी हा नंबर पूर्ण स्क्रीनभर पंधरा सेकंद ठेवा. चष्मा आणि पेन शोधायला तेवढा वेळ लागतो.)*