बाबांचं घड्याळ चालू आहे!

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

बाबांचं घड्याळ चालू आहे, आणि छान चालू आहे. त्या दिवशी ते हातात घेतल्यावर मला धड बोलताच आलं नाही. पैसे दिले, ‘येते’ म्हणाले आणि निघाले. तुम्हीही मान खाली घालून पुढचं घड्याळ उघडायला घेतलंत. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे तुम्हाला कळायला हवं असं सारखं वाटत राहिलं, म्हणून लिहायला बसले. शिवाय ‘काही दिवस वापरा आणि किती पुढे-मागे होतं ते कळवा’ असं तुम्ही सांगितलं होतंत. तो हिशेबही खाली दिला आहे.

तुमच्याकडे येण्याआधी हे घड्याळ मी दुसरीकडे दाखवलं होतं. ‘आतलं मशीन काढून बॅटरीचं बसवून देतो, बाहेरून कुणाला कळणारही नाही,’ असं उत्तर मिळालं. मला कळलं असतं ना! मग बाबांचं असं त्यात उरणार काय होतं? नुसतं कवच. तिथून घड्याळ परत घेऊन आले आणि ते आता असंच बंद राहणार अशी मनाची तयारी करून टाकली होती.

तुम्ही मात्र आधी काहीच बोलला नाहीत. चावी दोन बोटांत धरून अगदी हलकेच फिरवून पाहिलीत, घड्याळ कानाशी नेलंत. मग झाकण उघडण्याआधी त्याच्या कडेच्या खाचेत साठलेला मळ टोकदार काडीने काढून कागदावर घेतलात आणि डोळ्याला भिंग लावून बघत बसलात. ‘वडील शिक्षक होते का हो?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी चाटच पडले. मी तुम्हाला तोपर्यंत फक्त ‘वडिलांचं आहे, ते आता नाहीत’ एवढंच सांगितलं होतं. मग तुम्ही तो कागद माझ्यापुढे सरकवलात. घामात मळून घट्ट झालेला पांढरट मळ. खडू! बाबा गणित शिकवायचे. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर आणि त्याच मनगटावर हे घड्याळ. फळा पुसताना उडालेली सगळी भुकटी त्या खाचेत जाऊन बसली होती. काका, बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी नवं असं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवणी सगळ्या आमच्याच, त्याच त्या. तुम्ही त्यांना कधी पाहिलंही नाही, आणि तरी ते काय करत होते हे त्यांच्या घड्याळावरून ओळखलंत.

झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे दिसले. ते काय आहे हे मला कधीच कळलं नसतं. जो कारागीर घड्याळ उघडून साफ करतो तो आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतो, हे तुम्ही सांगितलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. ४-७६. ११-८३. २-९१. प्रत्येक अक्षर वेगळ्या हाताचं. बाबा घड्याळाची एवढी निगा राखायचे याची आम्हाला घरी कल्पनाच नव्हती. घड्याळ परत घेताना त्या तिन्हींच्या खाली तुमची तारीखही कोरलेली दाखवलीत. या रांगेत तुमचं नाव लागलं याचा मला फार आनंद आहे.

दोष काय होता हेही तुम्ही घाई न करता समजावून सांगितलंत, त्यामुळे मला ते घरी सगळ्यांना सांगता आलं. तेल सुकून चिकट झालेलं, ते तर अपेक्षितच होतं. पण खरी मोडतोड बॅलन्स चाकाच्या आसाची होती. त्याचं एका बाजूचं टोक तुटलेलं. ते टोक केसाएवढं बारीक असतं आणि लहानशा लाल खड्यात टेकून फिरतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्याशा टोकावर ते चाक सेकंदाला ५ ठोके देतं, म्हणजे तासाला १८,०००! नवा आस आता मिळत नाही म्हणून तुम्ही तुमच्या जुन्या डब्यांतून त्याच जातीचं बंद मशीन शोधून काढलंत, त्यातला आस काढून यात बसवलात. मला वाटलं होतं तुम्ही आठवड्याभरात ‘नाही जमत’ म्हणून परत कराल. तुम्ही वेळ घेतलात, पण एकदाही तसं म्हणाला नाहीत.

आणि सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. तबकडीवर चाराच्या आकड्याजवळ जो पिवळट डाग आहे, तो तसाच ठेवलात. ‘धुवायला गेलं तर आकडेही जातील’ म्हणालात. केसला पॉलिश मारण्याआधी मला विचारलंत. चावीवरचे दाते बाबांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालेत. तुमच्याकडे नवी चावी होती, तरी ‘ही अजून पकडते, राहू दे’ असं तुम्हीच म्हणालात. आता रोज सकाळी चावी देताना माझी बोटं बरोबर त्याच झिजलेल्या जागी पडतात. हे तुम्ही वाचवलंत, काका. नवीन चावी टाकून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात, मला त्यातलं काही समजलंही नसतं.

आईने ते कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. नंतर म्हणाली, ‘त्यांना सांग, आवाज तोच आहे.’ म्हणून सांगते.

आता हिशेब. रोज सकाळी एकाच वेळी चावी देते, अडली की थांबते, जोर लावत नाही. दिवसाला साधारण १२ सेकंद पुढे जातं. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर एवढं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चावीची बाजू खाली करून उभं ठेवून पाहिलं, तेव्हा सकाळपर्यंत थोडं मागे येतं आणि दिवसाचा फरक ४-५ सेकंदांवर येतो. त्यामुळे आता रात्री तसंच ठेवते. एकदा सकाळी चावी द्यायची राहिली होती, तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालून मग थांबलं. माझ्या मते हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला काही खटकलं तर निरोप द्या, मी घेऊन येईन. पाण्यापासून जपते. स्पीकरजवळ आणि फोनवर ठेवत नाही.

काचेवर कडेला एक बारीक चरा राहिला आहे, तो काढायचा नाही, एवढीच विनंती पुढच्या वेळेसाठी करून ठेवते. आणि पुढची सफाई तुमच्याच हातून करायची आहे. चार-पाच वर्षांनी या म्हणालात, मी ते डायरीत लिहून ठेवलं आहे, तेव्हा तब्येतीला जपा. भिंग लावून तासन्‌तास मान वाकवून बसता, मध्येमध्ये उठत जा.

आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
मीनल